बिग टू: हातात तीन पानं, उतारी आपली. आधी काय टाकाल?

सेंगकांगकर

सिंगापूरला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे रोज बिग टू चालतं. पैसे नाहीत, हरेल त्याने सगळ्यांसाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायची. परवाच्या एका डावावरून दोन जुन्या खेळाडूंमध्ये जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. मी खेळत नव्हतो, एकाच्या मागे उभा राहून बघत होतो. इथे पत्त्यातले दर्दी बरेच आहेत, म्हणून विचारतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार जण, प्रत्येकी तेरा पानं, हात आधी मोकळा करेल तो जिंकला. तिर्री सगळ्यात लहान, मग चढत एक्का, आणि एक्क्याच्याही वर दुर्री. पान सारखंच असेल तर चौकट लहान, मग किलवर, मग बदाम, आणि इस्पिक सगळ्यात मोठं. उतारी करणाऱ्याने सुटं पान टाकलं तर सगळ्यांनी सुटंच टाकायचं, पण त्याहून मोठं. जोडीवर जोडी, तिकडीवर तिकडी, पाच पानांवर पाच पानं. पाच पानांत सिक्वेन्स सगळ्यात खाली, त्यावर कलर, त्यावर फुलहाउस म्हणजे तिकडी अधिक जोडी, मग चौकडी अधिक एक पान, आणि सगळ्यांच्या वर एकाच रंगाची सिक्वेन्स. कुणीच वर टाकलं नाही की शेवटी टाकणाऱ्याची उतारी, आणि तो हवा तो आकार निवडतो. पहिली उतारी ज्याच्याकडे चौकटची तिर्री त्याची, आणि ती तिर्री त्या उतारीत असायलाच हवी.

मी ज्याच्या मागे उभा होतो त्याची पानं:

चौकट तिर्री, बदाम तिर्री, किलवर चौकी, इस्पिक पंजी, चौकट छक्की, बदाम सत्ती, तीन दश्शा (चौकट, किलवर, इस्पिक), दोन राण्या (किलवर, बदाम), किलवर एक्का, बदाम दुर्री.

त्याने तिर्री ते सत्ती सिक्वेन्स उतरवली. दुसऱ्याने अठ्ठी ते राणी सिक्वेन्स टाकली. तिसरा पास. चौथ्याने बदामचा कलर मारला, वर राजा. आमच्या माणसाने त्यावर दश्शा-राण्यांचं फुलहाउस टाकलं आणि सगळे पास झाले.

आता त्याची उतारी आणि हातात तीन पानं: बदाम तिर्री, किलवर एक्का, बदाम दुर्री. बाकीच्यांकडे अनुक्रमे आठ, तेरा आणि आठ पानं. आधी काय टाकायला हवं होतं? त्याने काय टाकलं आणि पुढे काय झालं ते नंतर सांगतो, नाहीतर सगळे निकाल बघून उत्तर देतील.

चहाबाज

कोपी कोण आणतंय ते आधी सांगा, त्यावरून ठरवू.

साहेबराव_७२

मेंढीकोटात आम्ही अशा वेळी हुकूम ओढून घेतो. तुमच्या खेळात हुकूम कुठला ते लिहिलेलं नाही. आणि रंग नसेल तर कुठलंही पान जाळता येतं का? त्यावर सगळं अवलंबून आहे.

सेंगकांगकर

साहेबराव काका, यात हुकूम नाही आणि रंगाला रंग द्यायची सक्तीही नाही. इस्पिकच्या सत्तीवर कुठलीही अठ्ठी चालते. हात गोळा करायचे नाहीत, फक्त पानं संपवायची. वर टाकता येत नसेल किंवा टाकायचं नसेल तर पास म्हणायचं.

साहेबराव_७२

असतील तरी पास? म्हणजे हातात असून दडवायचं? मग हा खेळ आमच्या व्याह्यांना आवडेल.

गोदातीर

सोपं आहे. मोठं पान आधी. दुर्री टाकायची, तिच्यावर फक्त इस्पिकची दुर्री चालते, म्हणजे बहुतेक वेळा उतारी परत आपलीच. मग एक्का, मग तिर्री. शेवटचं पान कुठलंही असलं तरी चालतं, कारण ते आपण उतारीत टाकणार. लहान पान शेवटी ठेवायचं हा नियम मी रमी सोडून सगळ्या खेळांत पाळतो.

दुसरं म्हणजे मुळात त्याने डाव चुकीचा सुरू केला असं मला वाटतं. दश्शांची तिकडी आणि दोन्ही तिऱ्या असं फुलहाउस आधी टाकलं असतं तर दोन्ही तिऱ्या एका फटक्यात गेल्या असत्या आणि ही अडचणच आली नसती.

तिरफळ

गोदातीर यांना +१. तिर्री हातात ठेवणं म्हणजे पायात धोंडा.

पत्तेपिशा

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटतंय. हाँगकाँगला असताना शेजारच्या म्हाताऱ्यांबरोबर हा खेळ इतका खेळलो की अजून एक्का हातात आला तरी मी दुर्री शोधतो.

आधी गोदातीर यांचा दुसरा मुद्दा घेतो, कारण त्यावरून पहिल्याचं उत्तर निघतं. या खेळात पानं दोन प्रकारची असतात असं समजा. काही पानं उतारी परत मिळवून देतात आणि काही पानं उतारी मिळाल्याशिवाय जातच नाहीत. तिर्री, चौकी, पंजी ही दुसऱ्या प्रकारची. कुणी त्याहून लहान सुटं पान टाकलं तरच ती खपतात, आणि ते पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर होत नाही.

फुलहाउसमध्ये दोन्ही तिऱ्या घातल्या तर मागे काय राहतं? चौकी, पंजी, छक्की, सत्ती सुटी, राण्यांची जोडी, एक्का आणि दुर्री. दोन तिऱ्या गेल्या पण चार ओझी नवीन आली. आठ पानं आणि त्यासाठी सात वेळा टाकावं लागणार. सिक्वेन्सने सुरुवात केली तर राहतात तिर्री, फुलहाउस, एक्का, दुर्री. म्हणजे आठच पानं, पण चार वेळा टाकून संपतात, आणि ओझं फक्त एक. पानं किती उरली यापेक्षा अजून किती वेळा टाकायचंय आणि त्यातली किती फक्त उतारीतच जातील हे मोजायचं. तुमच्या माणसाची सुरुवात बरोबर होती. तिर्री-सत्ती सिक्वेन्स सगळ्यात दुबळी, तिच्यावर कुणीतरी टाकणारच, पण तिच्याकडून जिंकायची अपेक्षाच नव्हती. तिचं काम पाच फालतू पानं न्यायचं. परत यायला फुलहाउस होतंच.

आता तीन पानांचा प्रश्न. त्याआधी सेंगकांगकर, एक सांगा. तुमच्याकडे एकदा पास म्हटलेला माणूस त्याच फेरीत परत टाकू शकतो का?

सेंगकांगकर

हो, आमच्याकडे परत येता येतं. आणखी एक नियम: पुढच्याकडे एकच पान उरलं असेल तर त्याच्या आधीच्याने सुटं टाकताना हातातलं सगळ्यात मोठं पानच टाकायचं. नाही टाकलं आणि पुढचा सुटला तर सगळ्यांचा दंड त्याच्या माथी.

शुभांगी_ता

पास म्हटलं की फेरी संपेपर्यंत बाहेर, असंच मी खेळत आले. पण माझा खेळ तिएन लेन. आम्ही हो ची मिन्ह सिटीत असतो, तिथे प्रत्येक बिल्डिंगच्या खाली प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर हाच डाव मांडलेला असतो. दुर्री तिथेही सगळ्यात वर, पण रंगांची चढण वेगळी: इस्पिक सगळ्यात लहान, मग किलवर, मग चौकट आणि बदाम सगळ्यात मोठा. म्हणजे तुमच्या मित्राची बदाम दुर्री आमच्याकडे सुट्या पानांतली राणी-महाराणी सगळं.

त्यात कलर आणि फुलहाउस नसतंच. सिक्वेन्स तीन पानांपासून पुढे हवी तेवढी लांब, फक्त दुर्री तिच्यात चालत नाही. त्यामुळे हीच तेरा पानं आमच्याकडे वाईट झाली असती. सिक्वेन्स, दश्शांची तिकडी, राण्यांची जोडी, तिर्री, एक्का, दुर्री, सगळं वेगवेगळं.

आणि दुर्रीची मिजास तिथे कायमची नसते. लागोपाठच्या तीन जोड्या, म्हणजे चौकी-चौकी-पंजी-पंजी-छक्की-छक्की असं काही, किंवा चौकडी, सुट्या दुर्रीवर टाकता येते. हा एकच अपवाद, जिथे आकार न जुळताही मारता येतं. बदाम दुर्री टाकून माणूस ऐटीत मागे टेकतो आणि समोरची आजी सहा बारकी पानं शांतपणे मांडते. नवऱ्याचा चेहरा असा झालेला मी पाहिलाय.

चहाबाज

आजींना आमच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभं करा.

बोटीवरचा

जहाजावर फिलिपिनो क्रू असला की पुसोय दोस ठरलेला. तिथे चौकट सगळ्यात मोठी! किलवर लहान, मग इस्पिक, मग बदाम, मग चौकट. पहिली उतारी किलवर तिर्रीची. नवीन माणूस आला की पहिल्या रात्री रंगांवरून भांडण होणारच, कारण प्रत्येकजण आपल्या बंदराचे नियम घेऊन येतो. आमच्या बोसनने शेवटी मेसमध्ये कागद चिकटवला.

तीन पानांचं म्हणाल तर मी तिर्री टाकीन. का ते नीट सांगता येत नाही, पण हात आपोआप तिकडे जातो.

पत्तेपिशा

बोटीवरचा यांचा हात शहाणा आहे. कारण सांगतो.

एकूण बावन्न पानं. तुमच्या माणसाची तेरा आणि टेबलावर दिसलेली दहा सोडली तर एकोणतीस राहतात, आणि बाकीच्यांकडे ८ + १३ + ८ = २९ च आहेत. म्हणजे इस्पिकची दुर्री नक्की त्यातल्या कुणाकडे तरी जिवंत आहे. एकूण पाहता ती तेरा पानंवाल्याकडे असण्याची शक्यता २९ पैकी १३, जवळपास ४५ टक्के. बाकी दोघांकडे २९ पैकी ८-८.

आता तीन वाटा.

पहिली, दुर्री आधी. इस्पिकची दुर्री वर आली तर हातात एक्का आणि तिर्री. एक्का कधीतरी जाईल, तिर्री मात्र हातातच मरणार. आणि समजा नाही आली, उतारी परत मिळाली, तरी काम संपलेलं नाही. एक्का-तिर्री घेऊन परत तोच प्रश्न. एक्का टाकला तर त्यावर तीन दुर्ऱ्या आणि बदाम, इस्पिकचे एक्के आहेत. तिर्री टाकली तर किलवर एक्क्यावर विसंबून बसायचं. गोदातीर म्हणतात तसं सुटायला दुर्री आणि एक्का दोन्ही टिकावे लागतात.

दुसरी, एक्का आधी. त्यावर कुणी लहान दुर्री टाकली तर आपण बदाम दुर्री मारायची आणि ती टिकली तर तिर्रीने संपवायचं. हे पहिल्यापेक्षा बरं, पण बिघडलं तर हातात राहते तिर्रीच.

तिसरी, तिर्री आधी. उतारी हातात आहे तोवर ओझं टाकून मोकळं व्हायचं. उरतात एक्का आणि दुर्री. फेरी फिरून समजा राजावर आली. इथे बरेच जण घाईने दुर्री मारतात. तसं करायचं नाही, एक्का टाकायचा. कुणी वर नाही टाकलं तर उतारी आपली आणि दुर्री टाकून सुटलो. कुणी मोठा एक्का किंवा चौकट-किलवरची दुर्री टाकली तर बदाम दुर्री त्यावर बसते आणि तिथेच डाव संपतो. म्हणजे एक्क्यावर वर टाकणाराच आपल्याला वाट करून देतो. फक्त इस्पिकची दुर्री आली तरच अडतो, आणि तेव्हाही हातात उरते ती सुट्यांतली आता सगळ्यात मोठी. फेरी आपल्यापर्यंत मोठ्या एक्क्यावर किंवा लहान दुर्रीवर पोचली तर मात्र नाइलाज, बदाम दुर्री टाकायची आणि एक्का शेवटी.

गोदातीर

पत्तेपिशा, पहिल्या मुद्द्यावर पटलं, चार ओझी माझ्या लक्षात आली नव्हती. पण तिसऱ्या वाटेत एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. तिर्री टाकल्यावर सगळ्यांना दिसतं की याच्याकडे दोन पानं उरली. मग शहाणा माणूस लगेच सुट्यांची फेरी वर नेऊन ताब्यात घेईल आणि जोडीने उतारी करेल. एक्का-दुर्री काही जोडी नाही. तुम्ही जगातली सगळ्यात मोठी सुटी पानं घेऊन बसा, कुणी सुटं टाकतच नाही!

पत्तेपिशा

मुद्दा खरा आहे. पण तो तिन्ही वाटांना लागू आहे, कारण तीन पानांत जोडी नाहीच. फरक इतकाच की कुठल्या वाटेत उतारी हातातून जाण्याची शक्यता कमी, आणि गेली तर हातात काय उरतं.

म्हणूनच मी शिकवताना सांगतो, फुलहाउससाठी जोडी निवडताना मागे काय राहतं ते बघा. या हातात दुसरी जोडी नव्हती. असती, समजा नव्व्यांची असती, तर राण्या मागे ठेवून नव्व्या फुलहाउसमध्ये घालायच्या, कारण फुलहाउसची ताकद तिकडीवर ठरते. जोडी कुठली लावली याने काही फरक पडत नाही. राण्यांसारखी जोडी वाया घालवायची हौस नवख्यांना फार असते.

तोक्योकर

जपानमध्ये दाइफुगो खेळतात, त्यात चौकडी टाकली की क्रांती होते आणि सगळी चढण उलटी होते. तिर्री सगळ्यात मोठी. तुमच्या मित्राने ती तिर्री जपून ठेवली असती तर आमच्याकडे तो उमराव झाला असता. अठ्ठी टाकली की फेरी तिथल्या तिथे बंद, असाही नियम बरेच जण लावतात.

तिरफळ

क्रांती होऊन दुर्री-तिर्री मोठे होतात हे आपल्याकडेही होतं. त्याला पत्ते लागत नाहीत.

संपादित_आठवणी

अवांतर: आमच्या पुण्यातल्या ज्येष्ठांच्या गटाला नवीन खेळ हवा होता म्हणून मुलीने हा शिकवला. सगळ्यांना रंगांची चढण लक्षात राहीना. लाडीस आणि बदाम सात खेळून आयुष्य गेलेलं, दुर्री राजावर बसते म्हटल्यावर एक काकू म्हणाल्या, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही. शेवटी रंग काढूनच टाकले. सारखं पान असेल तर वर टाकता येत नाही, एवढंच ठेवलं. चालतं का असं?

पत्तेपिशा

चालतं, पण मग दोन अडचणी येतात. चारही दुर्ऱ्या सारख्या झाल्या की पहिली टाकणाऱ्याला कुणी हरवूच शकत नाही, त्यामुळे दुर्री राखून ठेवायची चुरस जाते. आणि दुसरं, पहिली उतारी कुणाची ते वेगळं ठरवावं लागेल. ज्येष्ठांसाठी मी रंग ठेवून पाच पानांचे प्रकार कमी करीन. सुरुवातीला फक्त सुटी आणि जोड्या. सिक्वेन्स आणि फुलहाउस महिनाभराने. रंगांची चढण कागदावर लिहून टेबलाच्या मध्ये ठेवा, बोसनसारखी.

हिशेबनीस

दंडाचा हिशेब कुणी विचारात घेतलेला दिसत नाही. सेंगकांगकर, तुमच्याकडे दंड कसा?

सेंगकांगकर

नऊ पानांपर्यंत पानाला एक गुण, दहा ते बारा राहिली तर दुप्पट, तेराच्या तेरा राहिली तर तिप्पट. आठवड्याच्या शेवटी ज्याचा दंड जास्त तो शुक्रवारी जेवण देतो. कोपी रोजची, जेवण आठवड्याचं.

हिशेबनीस

मग बघा. तुमचा माणूस हरला तर एक नाहीतर दोन गुण जाणार. त्याला घाबरण्यासारखं काहीच नाही. खरी अडचण तेरा पानं घेऊन बसलेल्या तिसऱ्याची. डाव आत्ता संपला तर त्याला एकोणचाळीस. त्याने एक, फक्त एक पान टाकलं की बारा राहतात आणि दंड होतो चोवीस. एका पानाने पंधरा गुण वाचतात. म्हणजे तिर्री टाकली की तिसरा त्यावर काहीतरी टाकणारच, जमेल ते लहानात लहान. त्याला फेरी जिंकायची नाही, फक्त तेरातून बाहेर पडायचंय. याचा अर्थ इस्पिकची दुर्री त्याच्याकडे असली तरी ती तो लगेच काढील असं नाही.

उलट आधी दुर्री टाकली तर तिसऱ्याकडे टाकण्यासारखं एकच पान असू शकतं, इस्पिकची दुर्री. म्हणजे तेरातून बाहेर पडायला त्याला तीच काढावी लागेल! आपणच त्याला भाग पाडतोय. दुर्री आधी टाकण्याविरुद्ध हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं.

पत्तेपिशा

वा. हे मी कधी असं मांडलं नव्हतं. आमच्या म्हाताऱ्यांकडे आठ पानांपासूनच दुप्पट होती, त्यामुळे तिथे आठ पानंवाले दोघेही असेच अगतिक झाले असते. दंडाची पायरी कुठे आहे त्यावर लोक पास कधी म्हणतात ते ठरतं.

साहेबराव_७२

मी संध्याकाळी नातवाबरोबर हा हात मांडून पाहिला. पानं उघडी ठेवून. तिर्री आधी टाकली तर बरं पडतं हे दिसलं. नातू म्हणतो एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी अशी सिक्वेन्स धरतात. मग एक्का आणि दुर्री सुरुवातीलाच सिक्वेन्समध्ये घातली असती तर?

बोटीवरचा

काही जहाजांवर धरतात, काहींवर नाही. पण धरली तरी काका, दोन सगळ्यात मोठी पानं पाच पानांत घालून संपवली तर पुढे परत यायला काय राहिलं? छक्की आणि सत्ती सुटी पडतात ते वेगळंच.

साहेबराव_७२

हो, नातूही तेच म्हणाला. मी त्याला म्हटलं तू गप्प बस.

शुभांगी_ता

पास म्हटलं की बाहेर, या नियमाने इथे काय बदलतं ते सांगते, कारण पत्तेपिशांनी विचारून पुढे लिहिलं नाही. तिर्रीवर तिसऱ्याने पास म्हटलं तर आमच्याकडे तो त्या फेरीपुरता संपला. इस्पिकची दुर्री त्याच्याकडे असली तरी आपल्या एक्क्यावर तो टाकू शकत नाही. म्हणून आमच्याकडे लोक दडून राहत नाहीत, मोठं पान लवकर काढतात. तुमच्याकडे परत येता येतं, म्हणून मांजरासारखं टपून बसता येतं.

सेंगकांगकर

बरं, आता निकाल सांगतो.

त्याने दुर्री आधी टाकली. सगळे पास. इस्पिकची दुर्री तिसऱ्याकडेच होती, हे नंतर पानं उघडल्यावर कळलं. तिच्याबरोबर चौकटची दुर्रीही होती आणि ती जोडी मोडायची नाही म्हणून त्याने तेरा पानं धरून पास म्हटलं. हिशेबनीस, तुमचं गणित त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आमच्या माणसाने तिर्री टाकली आणि एक्का हातात ठेवला. दुसऱ्याने राजा, तिसऱ्याने आता मात्र जोडी मोडून चौकट दुर्री. चौथ्याला सगळ्यात मोठं टाकायचं बंधन होतं, पण दुर्रीवर चालणारं त्याच्याकडे काही नव्हतं. एक्का पडूच शकला नाही. पुढे तिसऱ्याने जोडी उतरवली, जोड्यांची मारामारी झाली, उतारी चौथ्याकडे गेली आणि त्यानेच डाव संपवला. आमच्या माणसाचा दंड एक गुण, तिसऱ्याचा त्याच्या कितीतरी पट. पण जिंकता आला असता असा डाव गेला याचंच त्याला वाईट वाटलं.

मागे उभा असलेला दुसरा सहकारी तेव्हाच म्हणत होता, तिर्री आधी. आता या धाग्यावरून तो जिंकला असं त्याला कळवतो.

गोदातीर

थांबा, इतक्यात कळवू नका. याच पानांवर तिर्री आधी टाकून बघा. तिर्री, दुसऱ्याचा राजा, तिसऱ्याची चौकट दुर्री, चौथा पास. आता एक्का टाकताच येत नाही, बदाम दुर्रीच टाकावी लागते. त्यावर तिसऱ्याने इस्पिकची काढली की? हातात एक्का, उतारी तिसऱ्याची, आणि तो जोड्या उतरवणार. फिरून तिथेच आलो!

पत्तेपिशा

तिथेच आलो हे खरं, पण एका फरकाने. तुमच्या मांडणीत तिसऱ्याला दोन्ही दुर्ऱ्या खर्चाव्या लागल्या. त्याच्याकडे अकरा पानं आणि दुर्ऱ्यांची जोडी गेलेली. प्रत्यक्षात त्याने फक्त चौकटची दिली आणि इस्पिकची शेवटपर्यंत त्याच्या हातात होती, त्यामुळे सुट्यांवरही त्याचाच ताबा होता. आणि मुख्य म्हणजे, चौकटची दुर्री टाकून तेरातून बाहेर पडल्यावर तो इस्पिकची काढीलच कशावरून? याच माणसाने तेरा पानं हातात असताना ती दडवली होती.

हिशेबनीस

बारावरून अकरावर जाऊन त्याचे फक्त दोन गुण वाचतात. पण नाही टाकली तर डाव तिथेच संपतो आणि त्याला चोवीस बसतात. माझ्या मते तो काढील.

गोदातीर

बघा!

पत्तेपिशा

काढीलही. पण बदाम दुर्रीनंतर आपल्या हातात उरलेलं एकच पान एक्का आहे हे त्याला कुठे माहीत? समजा ती चौकी असेल असं त्याने धरलं तर?

गोदातीर

उतारीत चौकी टाकूनही माणूस सुटतोच की. दुसरं पान काय आहे याने त्याला काय फरक पडतो? बदाम दुर्री टिकली की डाव संपला.

पत्तेपिशा

हं. हे बरोबर आहे. मग त्या ठिकाणी बदाम दुर्री न टाकता पास म्हटलं तर? हातात एक्का-दुर्री, इस्पिकची त्याच्याकडेच, उतारी त्याची. त्याच्याकडे बारा पानं आणि आधीच्या पाच पानी फेरीत त्याने काही टाकलेलं नाही. म्हणजे सुटी बरीच असणार. जोड्या संपल्या की त्याला सुटं उतरावंच लागेल.

बोटीवरचा

दोन पानं घेऊन पास म्हणायची छाती पाहिजे.

शुभांगी_ता

आणि त्याच्याकडे जोड्या किती होत्या हे सेंगकांगकरांनी सांगितलेलं नाही. पानं उघडली होती ना?

सेंगकांगकर

उघडली होती, पण तोवर सुट्टी संपली आणि कुणीतरी पिसून टाकली. उद्या त्यालाच विचारतो. एवढं आठवतं की दुर्ऱ्या सोडून तीन तरी जोड्या होत्या, एक गुलामांची.

पत्तेपिशा

तीन असतील तर पास म्हणणं महागात पडलं असतं. दोन असत्या तर मी पास म्हटलं असतं.

चहाबाज

म्हणजे कोपी कोण आणतंय हे अजून ठरलेलं नाही.